आयफोनवर ‘Offload App’ की ‘Delete App’? फवारणीच्या नोंदी असलेल्या ॲपचे काय करावे?

गोदातीर

माझे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात आणि त्यांच्याकडे ६४ जीबीचा आयफोन ११ आहे. फोनचे नवे अपडेट जागेअभावी बसत नाही. काही ॲप काढून जागा करावी म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला आहे. मी Settings मधून General आणि तिथून iPhone Storage उघडले. कोणत्याही ॲपवर बोट ठेवले की ‘Offload App’ आणि ‘Delete App’ असे दोन पर्याय दिसतात.

अडचण एका ॲपची आहे. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत कोणत्या दिवशी कोणते औषध, किती प्रमाणात आणि कोणत्या प्लॉटवर मारले, याच्या नोंदी मामा त्यात ठेवतात. पानांवर डाग दिसले की त्याच ॲपमधून फोटो काढून नोंदीला जोडतात. निर्यातीचा माल देताना शेवटची फवारणी आणि काढणी यांतले दिवस दाखवावे लागतात, त्यामुळे या नोंदी गेल्या तर मोठी पंचाईत होईल. त्या ॲपसमोर App Size ११८ एमबी आणि Documents & Data २.३ जीबी असे आकडे दिसत आहेत. मामेभावाच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही पर्याय सारखेच आहेत, कारण ॲप पुन्हा उतरवून घेतले की सगळे परत येते. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

अमेय_इंदिरानगर

ताई, ते दोन्ही सारखे नाहीत. तुम्ही निर्धास्तपणे Offload करा. तसे केले की ॲपचा सगळा डेटा आयक्लाउडवर जातो. ॲपच्या चिन्हाखाली नावाजवळ ढगाचे छोटे चित्र दिसू लागते, ते त्याचेच. नंतर चिन्हावर बोट ठेवले की सगळे आयक्लाउडवरून खाली उतरते. Delete केले तर मात्र सगळे कायमचे जाते. मी माझ्या फोनवर कितीतरी ॲप अशी ठेवली आहेत आणि आजवर काहीही गेलेले नाही.

सातपूरकर

अमेय यांचा निष्कर्ष बराचसा बरोबर आहे, पण त्यामागचे कारण चुकीचे आहे, आणि या प्रकरणात ते कारणच महत्त्वाचे आहे. मी एका कार्यालयात कर्मचाऱ्यांचे फोन सांभाळण्याचे काम करतो. ढगाच्या त्या चित्रामुळे होणारा हा गैरसमज माझ्यासमोर वारंवार येतो.

Offload केल्यावर काहीही वर जात नाही. फोनमधून फक्त ॲपचा स्वतःचा भाग, म्हणजे App Size या ओळीत दिसणारा भाग, पुसला जातो. Documents & Data या ओळीतले सगळे त्याच फोनमध्ये जागच्या जागी राहते. ढगाचे चित्र एवढेच सांगते की ॲप इथे नाही, हवे असल्यास ॲप स्टोअरवरून उतरवून घ्या. ते उतरले की फोनमध्ये आधीपासून असलेल्या डेटाशी पुन्हा जोडले जाते. त्यामुळे Offload केलेल्या अवस्थेत फोन हरवला, पाण्यात पडला किंवा पूर्ण पुसला गेला, तर तो डेटा वेगळ्या बॅकअपशिवाय परत मिळणार नाही. Offload हा बॅकअप नव्हे.

आता गोदातीर यांचे आकडे पाहा. मामांच्या ॲपचे Offload केले तर नोंदी राहतील, पण मोकळे होतील फक्त ११८ एमबी. २.३ जीबी तसेच पडून राहतील. तेवढ्या जागेने अपडेटची अडचण सुटणार नाही आणि मामांना काही काळ ॲपही वापरता येणार नाही. Delete केले तर साधारण २.४ जीबी मोकळे होतील, पण नोंदी आणि फोटो त्याबरोबर जातील. या ॲपला दोन्हीपैकी काहीच करू नये, असे माझे मत आहे. त्या यादीत आणखी कोणती मोठी ॲप आहेत, ते सांगाल का?

गोदातीर

धन्यवाद. यादीत सर्वांत वर व्हॉट्सॲप आहे. त्याचे Documents & Data ९ जीबीच्या पुढे आहे आणि App Size त्यामानाने अगदी किरकोळ. त्याखाली मामेभावाने घेतलेला एक गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आहे. त्याचे App Size ४.१ जीबी आणि Documents & Data ९० एमबी आहे. बाकीची लहान आहेत.

सातपूरकर

मग Offload खरे तर त्या खेळासाठीच आहे. एका बोटाच्या कामाने चार जीबीहून अधिक जागा होईल. मामेभावाने जिथवर मजल मारली आहे ती ९० एमबीमध्ये राहील आणि अपडेट झाल्यावर खेळ पुन्हा उतरवता येईल. तो कित्येक दिवसांत उघडलेलाच नसेल, तर त्यालाही त्रास नाही. एक लक्षात ठेवा, काही खेळ पहिल्यांदा उघडल्यावर मोठ्या फायली वेगळ्या उतरवून घेतात आणि त्या Documents & Data मध्ये मोजल्या जातात. तशा खेळाचे Offload केले तर हाती फार काही लागत नाही. तुमच्या आकड्यांवरून हा खेळ तसा दिसत नाही.

व्हॉट्सॲपचे Offload करण्यात काहीच अर्थ नाही. तिथे सगळे वजन संदेश, चित्रे आणि व्हिडिओंचे आहे. व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Storage and Data, तिथून Manage Storage उघडा. कोणत्या गटात किती मोठे व्हिडिओ साठले आहेत, ते दिसेल. नको असलेले तिथूनच काढावेत. जागा तिथेच होईल.

मुख्याध्यापिका_निवृत्त

सातपूरकर, माझ्या प्रश्नाचे उत्तरही यातच असावे असे वाटते. मागील महिन्यात मी जागा करण्यासाठी आठ-दहा ॲप काढली. चिन्हावर बोट दाबून धरले, ‘Remove App’ निवडले आणि चिन्हे नाहीशी झाली. तरीही फोनमधील जागा होती तेवढीच राहिली. याचा अर्थ फोनने माझी ॲप आपोआप Offload केली असावीत का? तसे असेल तर त्यांचा डेटा मला पूर्णपणे काढायचा आहे, कारण त्यांतील एकात माझ्या आरोग्याच्या तपासण्यांच्या नोंदी आहेत.

सातपूरकर

बाई, तुमच्याकडे झालेली गोष्ट वेगळी आहे. ‘Remove App’ निवडल्यावर फोन पुन्हा विचारतो आणि तिथे ‘Delete App’ व ‘Remove from Home Screen’ असे दोन पर्याय येतात. तुम्ही बहुधा दुसरा निवडला असेल. त्याने फक्त समोरच्या पडद्यावरचे चिन्ह जाते. ॲप आणि डेटा दोन्ही पूर्ण शाबूत असतात, त्यामुळे जागा बदलत नाही. समोरचा पडदा डावीकडे सरकवत शेवटपर्यंत गेलात की App Library येते, तिथे ती सगळी ॲप दिसतील. तिथेच बोट दाबून धरून ‘Delete App’ केले की तुम्हाला हवे ते होईल.

मात्र आरोग्याच्या नोंदींबाबत एक सांगतो. त्या ॲपने पावले, वजन किंवा रक्तदाब ॲपलच्या Health मध्ये लिहिलेले असतील, तर ॲप काढल्याने Health मधील नोंदी जात नाहीत. त्या तिथे जाऊन वेगळ्या काढाव्या लागतात. ॲपमध्ये खाते उघडले असेल, तर कंपनीकडची माहितीही तशीच राहते. ती काढायची असल्यास ॲप काढण्याआधी त्यातूनच खाते बंद करावे, कारण एकदा ॲप गेले की तो पर्याय शोधत बसावे लागते.

मुख्याध्यापिका_निवृत्त

App Library मध्ये सगळी सापडली. धन्यवाद. आधी खाते बंद करते आणि मगच ॲप काढते.

रविवार_कारंजा

Offload केले म्हणजे ॲप परत मिळेलच, असे समजून कुणी बिनधास्त राहू नये. आमच्या दुकानात जुन्या पावत्या आणि परवाने स्कॅन करण्यासाठी आम्ही कॅमस्कॅनर वापरत होतो. मधल्या काळात फोनने ते वापरात नाही म्हणून आपोआप Offload केले. पुढे २०२० च्या जूनअखेरीस केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात ते होते. आम्ही चिन्हावर बोट ठेवले, पण ॲप काही उतरले नाही. डेटा फोनमध्ये होता, Documents & Data मध्ये त्याचा आकडाही दिसत होता, पण तो उघडून दाखवणारे ॲपच नव्हते. कपाटात कागद आहेत आणि किल्ली गावाबाहेर गेली, तशी आमची गत झाली. सुदैवाने मूळ कागद जपून ठेवलेले होते, म्हणून निभावले.

सातपूरकर

हा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता. ॲप पुन्हा बसवल्यावर डेटा परत मिळेल हे खरे आहे, पण त्यासाठी ते ॲप तेव्हा ॲप स्टोअरवर उपलब्ध असावे लागते. बंदी हे एक कारण झाले. त्याहून नेहमीचे कारण म्हणजे लहान कंपनी ॲप चालवणे बंद करते आणि ते स्टोअरवरून निघून जाते. मामांचे फवारणीचे ॲप नेमके अशाच लहान कंपनीचे असण्याची शक्यता मला जास्त वाटते, म्हणूनच त्याचे Offload करू नका असे म्हणालो.

आपोआप Offload होऊ नये असे वाटत असेल, तर नव्या आवृत्त्यांत Settings मध्ये Apps, त्यात App Store आणि तिथे ‘Offload Unused Apps’ बंद करावे. जुन्या आवृत्त्यांत App Store हे थेट Settings मध्येच सापडते. हा पर्याय चालू असेल, तर जागा कमी पडू लागल्यावर फोन न वापरलेली ॲप स्वतःहून बाजूला करतो आणि प्रत्येक वेळी विचारत नाही. द्राक्षाच्या ॲपसारखे काही महिने न उघडलेले, पण हंगामात रोज लागणारे ॲप त्यात सापडू शकते.

अमेय_इंदिरानगर

आयक्लाउडबद्दल माझे चुकले, हे मान्य. पण एक शंका राहते. मामांच्या फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल, तर Delete केल्यावरही नोंदी त्या बॅकअपमध्ये असतीलच ना? मग ॲप पुन्हा बसवल्यावर त्या का येणार नाहीत?

सातपूरकर

शंका रास्त आहे. बॅकअपमध्ये ॲपचा डेटा असू शकतो, पण ॲप स्टोअरवरून ॲप पुन्हा उतरवल्यावर तो आपोआप त्यात येऊन बसत नाही. बॅकअपमधील डेटा फोनमध्ये आणायचा, तर फोन पूर्ण पुसून किंवा नवा फोन घेऊन सुरुवातीच्या मांडणीच्या वेळी संपूर्ण बॅकअप उतरवावा लागतो. एकट्या ॲपचा भाग वेगळा काढता येत नाही. शिवाय Delete केल्यानंतर जो पुढचा बॅकअप होईल, त्यात ते ॲप नसेल. आयक्लाउडची मोफत जागा ५ जीबी असते, त्यामुळे ९ जीबीचे व्हॉट्सॲप असलेल्या फोनचा बॅकअप पूर्ण होतो आहे का, याचीच मला शंका आहे.

ज्या ॲपची कागदपत्रे थेट आयक्लाउडमध्ये जुळवून ठेवली जातात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे Delete केल्यावरही कागदपत्रे आयक्लाउडमध्ये राहतात आणि ॲप पुन्हा बसवल्यावर दिसू लागतात. ॲप असे करते का, हे पाहण्यासाठी Settings मध्ये सर्वांत वर आपले नाव, त्यात iCloud आणि तिथे ‘See All’ ही यादी पाहावी. फवारणीचे ॲप त्या यादीत आहे का?

गोदातीर

यादीत ते नाही. ॲप उघडताना त्याने मोबाइल क्रमांक किंवा ईमेल कधीही विचारलेला नाही, असे मामा सांगतात. सरळ उघडायचे आणि लिहायला लागायचे. म्हणजे नोंदी फक्त या फोनमध्येच आहेत, असे समजायचे का?

सातपूरकर

जवळजवळ खात्रीने तसेच समजा. खाते नसलेल्या ॲपला कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या नोंदी कोणत्या माणसाला परत द्यायच्या, हेच कळणार नाही. ज्या ॲपला खाते असते, तिथे एक सोपी परीक्षा आहे. दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर त्याच खात्याने प्रवेश करून पाहावा. तिथे नोंदी दिसल्या, तर Delete करून पुन्हा बसवल्याने फरक पडत नाही. दिसल्या नाहीत, तर डेटा फक्त फोनमध्ये आहे. आपल्याच फोनवर ॲप उघडून नोंदी दिसतात म्हणून त्या सर्व्हरवर आहेत, असा अर्थ काढू नये.

पाथर्डी_फाटा

माझा अनुभव मात्र याला छेद देतो, म्हणून लिहिते. मी एका गुंतवणुकीचे ॲप Delete केले आणि काही दिवसांनी पुन्हा बसवले. त्याने मला पुन्हा पासवर्ड विचारला नाही, थेट माझे खाते उघडले. Delete केल्यावर सगळे जाते म्हणता, मग हे कसे झाले? आणि त्याच फोनवरील यूपीआयच्या ॲपने मात्र सिमवरून संदेश पाठवून पहिल्यापासून नोंदणी करायला लावली.

सातपूरकर

आयफोनमध्ये पासवर्ड आणि प्रवेशाची माहिती ठेवण्याची एक वेगळी तिजोरी असते, तिला कीचेन म्हणतात. ॲपने आपली प्रवेशाची माहिती तिथे ठेवली असेल, तर ॲप Delete केल्यावर ती माहिती बहुधा मागे उरते. तेच ॲप परत आले की ते तिथून ती उचलते. तुमच्या गुंतवणुकीच्या ॲपचे तसे झाले असावे. पण हे ॲप बनवणाऱ्यावर अवलंबून आहे. पहिल्यांदा उघडल्याचे लक्षात आल्यावर ती जुनी माहिती स्वतःहून पुसणारी ॲपही असतात आणि पैशांच्या व्यवहारांच्या ॲपमध्ये ते योग्यच आहे. यावर विसंबून Delete करू नये, आणि फोन दुसऱ्याला देताना फक्त ॲप काढली की झाले, असेही समजू नये. त्या वेळी फोन पूर्ण पुसावा.

पाथर्डी_फाटा

समजले. मग यूपीआयचे ॲप Offload केले असते तर नोंदणी टिकली असती का?

सातपूरकर

डेटा जागेवर राहिल्याने टिकण्याची शक्यता जास्त, पण बँकेच्या ॲपने तरीही पुन्हा ओळख मागितली तर मला नवल वाटणार नाही. वेगवेगळ्या बँकांच्या ॲपचे वागणे मी वेगवेगळे पाहिले आहे.

रविवार_कारंजा

गोदातीर, मूळ प्रश्नाकडे येतो. त्या ॲपमध्ये नोंदी बाहेर काढण्याची सोय आहे का? असेल तर जागेचा विचार नंतर करा, आधी ते काम उरका.

गोदातीर

आहे. Export म्हटले की पीडीएफ तयार होते. मामांनी तशी एक मागील हंगामातच काढून ठेवली होती, हे आज कळले. ती Files मध्ये On My iPhone च्या खाली, त्याच ॲपच्या नावाच्या फोल्डरमध्ये आहे. म्हणजे निदान मागच्या हंगामाचे तरी सुरक्षित आहे.

सातपूरकर

थांबा, ते सुरक्षित नाही. On My iPhone मधील ॲपच्या नावाचा फोल्डर हा त्या ॲपच्याच डेटाचा भाग असतो. ॲप Delete केले की तो फोल्डर आतल्या पीडीएफसह जातो. अनेकांना वाटते की Files मध्ये आले म्हणजे ॲपपासून वेगळे झाले, आणि नेमके तिथेच फसायला होते. ती पीडीएफ उघडून Share मधून स्वतःलाच ईमेल करा, किंवा ‘Save to Files’ निवडून जागा म्हणून iCloud Drive द्या. मग दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर ती उघडून पाहा. तारखा, औषधांची नावे आणि प्रमाण पूर्ण आले आहे का, फोटो जोडले गेले आहेत का, हे पाने उलटून तपासा. पीडीएफमध्ये फोटो न घेणारी किंवा फार लहान करून घेणारी ॲप मी पाहिली आहेत.

गोदातीर

आत्ताच तपासले. या हंगामाची पीडीएफ ईमेल केली आणि संगणकावर उघडली. तारखा, औषधे, लिटरमागचे प्रमाण, प्लॉट क्रमांक, सगळे आहे. फोटो मात्र एकही नाही. २.३ जीबी बहुतेक त्या फोटोंचेच असणार. फोटो ॲपमध्ये एकेक उघडून ‘Save Image’ करता येतात, पण ते शेकड्यांनी आहेत. एकदम बाहेर काढण्याची सोय दिसत नाही.

सातपूरकर

मग फोटो बाहेर येईपर्यंत ॲपला हात लावू नका. निर्यातीच्या कामाला लागणारा मजकूर पीडीएफमध्ये आला आहे, ही चांगली गोष्ट झाली. महत्त्वाच्या डागांचे फोटो तेवढे निवडून काढता येतील का, हे मामांनाच विचारा. कंपनीला ईमेल करूनही पाहा, कधीकधी पुढच्या आवृत्तीत अशी सोय येते. आणि काढलेले फोटो फोनच्या Photos मध्ये गेल्यावर तेवढीच जागा पुन्हा व्यापतात, हे लक्षात घेऊन ते संगणकावर हलवत जा.

अपडेटचे म्हणाल तर तुम्हाला कदाचित काहीच काढावे लागणार नाही. फोन केबलने संगणकाला जोडून मॅकवर फाइंडरमधून किंवा विंडोजवर अपडेट केले, तर अपडेटची फाइल संगणकावर उतरते आणि फोनमध्ये कमी मोकळी जागा पुरते. फोनवरूनच करायचे असेल, तर फोन काही वेळा जागेसाठी ॲप तात्पुरती काढू का, असे विचारतो आणि अपडेटनंतर ती स्वतःच परत बसवतो. तो मार्गही चांगला आहे, पण कोणती ॲप काढायची हे फोन ठरवतो. स्टोअरवर नसलेले एखादे ॲप त्यात असेल तर परत येणार नाही. म्हणून मामांच्या फोनसाठी मी संगणकाचा मार्ग घेईन. कोणत्याही मार्गाने करा, पण त्याआधी संगणकावरच फोनचा पूर्ण बॅकअप घ्या. त्यात फवारणीच्या ॲपचा डेटाही येईल.

अमेय_इंदिरानगर

मग ॲप स्टोअरवर ते फवारणीचे ॲप आज तरी आहे का, हे पाहिले का ताई? शोधून दिसले तरी ‘Open’ दिसते की नाही, ते बघा.

गोदातीर

शोधले, पण नावाने ते सापडत नाही. त्याच नावाची दुसरी दोन ॲप दिसली. मामांच्या फोनमधील ॲपच्या चिन्हाशी दोन्हींचे चिन्ह जुळत नाही.

रविवार_कारंजा

मग ‘Offload Unused Apps’ आधी बंद करा. बाकी सगळे नंतर.

गोदातीर

बंद केले, तो पर्याय चालूच होता. खेळाचे मात्र मामेभावाच्या परवानगीने Offload केले आणि ४.१ जीबी मोकळे झाले. उद्या संगणकावर बॅकअप घेऊन अपडेट करते. ॲप बनवणाऱ्यांचा पत्ता ॲपमधल्या माहितीच्या पानावर आहे, त्यांना आज पत्र लिहिले आहे. ॲप स्टोअरवरून का गेले आणि फोटो एकत्र काढण्याचा काही मार्ग आहे का, असे विचारले आहे. उत्तर आले की इथेच लिहीन.

पाथर्डी_फाटा

तोवर मामांनी नवा फोन घेतला तर ॲप जुन्या फोनवरून नव्यावर जाईल का? स्टोअरवरच नसेल तर नव्या फोनवर ते उतरायचे कुठून? सातपूरकर, यावर तुमचे मत वाचायला आवडेल.

सातपूरकर

माझ्या मते नवा फोन घेतला, तरी जुना फोन त्या ॲपसह निदान या हंगामाची काढणी होईपर्यंत तसाच ठेवावा. नव्या फोनवर जाताना डेटा जातो, पण ॲप मात्र बहुतेक वेळा स्टोअरवरूनच नव्याने उतरवली जातात. स्टोअरवर नसलेल्या ॲपचे चिन्ह नव्या फोनवर येऊन तिथेच अडकून पडलेले मी पाहिले आहे.